ओल्या भिंतीचा रंग

गणपतीच्या आधी घराला रंग काढायचा, ही मुंबई-कोकणातली जुनी पद्धत. कोरड्या भिंतीला ती चालते. पण ज्या भिंतीला ओल येते, तिच्यासाठी श्रावण-भाद्रपदाइतका वाईट मुहूर्त वर्षात दुसरा नाही. दोन-अडीच महिने कोसळलेल्या पावसाचं पाणी तेव्हा विटेत आणि गिलाव्यात मुरलेलं असतं. त्यावर कितीही महागाचा रंग चढवला तरी दिवाळीच्या सुमारास फुगे दिसू लागतात आणि उन्हाळ्यापर्यंत पोपडे सुटतात. मग घरातले म्हणतात, या कंपनीचा रंग वाईट निघाला, पुढच्या वेळी दुसरी कंपनी घेऊ. दुसऱ्या कंपनीच्या रंगाचंही तेच होतं.

ओल्या घरासाठी रंग निवडताना कंपनीचं नाव हा पहिला प्रश्न नसतो. पाणी कुठून येतंय, हा पहिला. त्या पाण्यासमोर किती जाडीचा थर उभा करणार, हा दुसरा. कंपनी आणि शेड त्यानंतर.

पहिल्या प्रश्नाची सुरुवात सुटलेल्या पोपड्यापासून करावी. पोपडा हातात घेऊन उलटा करा आणि त्याची पाठ नीट पाहा. पाठीला फक्त रंग असेल आणि मागे भिंतीवर गुळगुळीत, चकचकीत जुना रंग दिसत असेल, तर ओलीपेक्षा पेंटरचा दोष अधिक आहे. जुना ऑइल पेंट न घासता त्यावर नवा रंग मारला गेला. पाठीला पांढरी पुट्टी पिठासारखी चिकटून आली असेल, तर पुट्टी पाण्याने मऊ पडली आहे. पुट्टीबरोबर वाळूचे कण सुटून येत असतील, तर गिलावाच कुजला आहे आणि तो फोडल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि पोपड्यामागे पांढरे, कापसासारखे तंतू दिसले तर तो लोणा, म्हणजे विटेतले, सिमेंटमधले आणि वाळूतले क्षार. पाण्याबरोबर ते पृष्ठभागाकडे येतात, पाणी उडून गेल्यावर तिथेच स्फटिक होऊन वाढतात आणि वाढताना वरचा थर ढकलून देतात.

लोणा ओल्या फडक्याने पुसायचा नाही. पाण्यात विरघळून तो पुन्हा भिंतीत जातो आणि महिन्याभरात परत येतो. कोरड्या, कडक ब्रशने झाडायचा आणि खाली पडलेली भुकटी उचलून घराबाहेर टाकायची. खाडीच्या खारट वाळूने केलेला गिलावा असेल तर आणखी एक अडचण असते. मूळ गळती थांबली तरी त्यातलं मीठ पावसाळी हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि डाग दर जूनमध्ये उमटत राहतो. तिथे तेवढा गिलावा काढून गोड्या वाळूने नवा करणं हाच उपाय. कोणत्याही कंपनीचा प्रायमर ते मीठ बाहेर काढत नाही.

पाण्याचे मार्ग मोजकेच आहेत आणि जागेवरून बरेचसे ओळखता येतात. तळमजल्यावर जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत आडवा, वर लोण्याची रेघ असलेला पट्टा दिसला तर पाणी जमिनीतून वर चढतंय. बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीवर, खालच्या बाजूला, मे महिन्यातही तितकाच ओला डाग राहत असेल तर नहाणी ट्रॅप, टाइल्सच्या सांधी किंवा भिंतीतला पाइप तपासायला हवा. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर पाहावं. काटा हलत असेल तर पाइप गळतोय. मीटर स्थिर राहिलं तरी ट्रॅप आणि सांधी निर्दोष ठरत नाहीत, कारण त्यांतून वापरलेलं पाणी झिरपतं. नैऋत्येकडून येणारा पाऊस झेलणाऱ्या पश्चिम किंवा दक्षिणेच्या भिंतीवर फक्त पावसाळ्यात, बहुधा खिडकीभोवती, डाग येत असतील तर पाणी बाहेरून शिरतंय. आणि कपाटामागे, कोपऱ्यात, छताच्या कडेला काळे ठिपके धरत असतील, पण भिंत हाताला ओली लागत नसेल, तर ती बुरशी आहे आणि पाणी खोलीतल्याच हवेतलं आहे.

शेवटच्या दोन्हींत गल्लत होते. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने हवाबंद करायच्या आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्यायचा. खोलीकडच्या बाजूला थेंब जमले तर हवेतला दमटपणा, भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय. ही चाचणी पावसाळ्यातच करावी. एप्रिलमध्ये पश्चिमेची भिंत कोरडीच सापडणार.

आता एक भिंत हिशेबाला घेऊ. डोंबिवलीतली तीस वर्षांची इमारत, दुसरा मजला, बेडरूमची पश्चिमेची भिंत १२ फूट लांब, साडेनऊ फूट उंच. तिच्यात जमिनीपासून तीन फुटांवर ५ बाय ४ फुटांची खिडकी. पावसाळ्यात खिडकीखाली डाग येतो आणि एका कोपऱ्याकडे सरकतो. खिडकी वजा जाता भिंत ९४ चौरस फूट.

पहिलं काम बाहेरचं. ॲल्युमिनियमची चौकट आणि दगडी ओटा यांमधलं सीलंट सुकून फाटलं आहे का, ओट्याचा उतार आत झुकला आहे का, बाहेरच्या गिलाव्याला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली आहे का, हे पाहायचं. यांतलं काही आढळलं तर आतून काहीही लावण्याआधी ते बुजवायला हवं. बाहेरच्या भिंतीतून येणारी पावसाची गळती दुरुस्त करणं हे महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीचं काम आहे. लेखी अर्ज द्यावा आणि पावसाळ्यातले डागाचे फोटो जोडावेत. जुलैत डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून ठेवली तर मार्चमध्ये काम करताना हद्द शोधत बसावं लागत नाही.

बाहेरचं काम झाल्यावर आतून डागाची जागा सिमेंटच्या गिलाव्यापर्यंत खरवडायची. पत्रीने नुसता सैल रंग काढून भागत नाही. रंग, पुट्टी आणि असेल तर पीओपीचा थर, सगळं काढायचं. पीओपी आणि जिप्सम पाण्याने मऊ पडतात, त्यामुळे त्यांच्यावर लावलेलं कुठलंही वॉटरप्रूफिंग त्यांच्यासकट सुटून येतं. रेघेच्या बाहेर निदान एक फूट जास्त जागा मोकळी करायची, कारण आतला मार्ग बंद झाला की उरलेलं पाणी कडेने वाट काढतं आणि नवा डाग जुन्याच्या शेजारी उगवतो. आपल्या भिंतीत हा भाग चार फूट उंचीचा पूर्ण पट्टा धरला, तर खिडकीचा तुकडा वजा करून आणि तिच्या आतल्या कडा धरून जवळपास ४५ चौरस फूट होतो.

खरवडलेली भिंत वाळू द्यायची. यासाठी कोणाला वेळ नसतो आणि इथेच काम बिघडतं. नऊ इंची विटेची भिंत आठवड्यात वाळत नाही. पंखा लावून, खिडक्या उघड्या ठेवून महिना-दोन महिने गेले तरी ते वाया गेले असं समजू नये. रंग कंपन्यांची माणसं भिंतीला टेकवायचं ओल मोजण्याचं मीटर घेऊन येतात. ते जरूर लावून घ्यावं आणि डागाच्या मध्यावर, कडेला आणि शेजारच्या कोरड्या भिंतीवर अशा तिन्ही जागी मोजायला सांगावं. तिन्ही आकडे जवळ आले की पुढे जायचं.

आता थराची जाडी. इमल्शनच्या डब्यावर लिटरमागे दोन हातांना साधारण १३० चौरस फूट असा आकडा असतो, म्हणजे १२ चौरस मीटर. लिटरभर रंग तेवढ्या जागेवर पसरला तर ओल्या थराची जाडी होते सुमारे ०.०८ मिलिमीटर. त्यातलं पाणी उडून गेल्यावर निम्म्याहून कमी उरते, वहीच्या कागदाहूनही पातळ. या थराच्या मागून पाणी ढकलत असेल तर तो टिकेल कसा? बाटलीवर ‘प्रीमियम’ असो की ‘लक्झरी’, जाडी तीच. ओल अडवण्याचं काम इमल्शनचं नाहीच.

ते काम खालच्या थराचं. त्यात बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात. एक, डब्यातून काढून थेट लावायचे तयार वॉटरप्रूफ बेसकोट किंवा प्रायमर. दुसरी, दोन भागांची, एका पिशवीत सिमेंट मिसळलेली भुकटी आणि दुसऱ्या डब्यात ॲक्रिलिकचं पांढरं द्रव. कालवल्यावर साधारण तासाभरात संपवायचं. एशियन पेंट्सच्या स्मार्टकेअर मालिकेत डॅम्प शीथ पहिल्या जातीचं आहे आणि डॅम्प ब्लॉक टू-के दुसऱ्या. बर्जरची होम शील्ड, नेरोलॅकची पर्मा, ड्युलक्सची ॲक्वाटेक आणि पिडिलाइटची डॉक्टर फिक्सिट या मालिकांतही आतल्या ओलीसाठीचा माल आहे. दुकानात नुसतं कंपनीचं नाव सांगून मागू नये, तयार की दोन भागांचा, हे विचारावं.

फरक महत्त्वाचा आहे, कारण घराच्या आतून लावलेला थर पाण्याच्या उलट्या बाजूला असतो. गच्चीवर वरून लावलेल्या थराला पाणी दाबून भिंतीशी चिकटवतं. आतल्या थराला मात्र ते पाठीमागून ढकलून सोडवतं. म्हणून इथे ताणण्यापेक्षा पकड महत्त्वाची. दोन भागांचा सिमेंटवाला थर किंचित ओलसर गिलाव्याच्या छिद्रांत शिरून तिथेच घट्ट होतो. खिडकीखालच्या ओलीला किंवा तळमजल्याच्या पट्ट्याला माझी पसंती त्यालाच. तयार डब्यातले थर नवा, चांगला गिलावा असेल आणि ओल किरकोळ असेल तिथे ठीक. गच्चीसाठी बनवलेला रबरासारखा लवचीक रंग उरला आहे म्हणून बेडरूमच्या भिंतीवर आतून मारणं टाळावं. तो मोठाल्या फुग्यांसारखा सुटतो.

दोन भागांच्या मालाचं कव्हरेज किलोमागे दोन हातांना सुमारे १५ चौरस फूट धरू. म्हणजे थर ०.४ मिलिमीटरच्या आसपास, ओल्या इमल्शनच्या पाचपट. आपल्या ४५ चौरस फुटांना ३ किलो लागेल. कोणी एक किलोत संपूर्ण ९४ चौरस फूट उरकून दाखवत असेल, तर त्याने माल पाणी घालून पातळ केला आहे आणि थर इमल्शनपेक्षाही पातळ झाला आहे. काम चालू असताना प्रत्येक हाताची जाडी मोजणं शक्य नसतं, पण रिकामे डबे आणि पिशव्या मोजता येतात. काम संपेपर्यंत त्या फेकू देऊ नयेत. पहिला हात आडवा आणि दुसरा उभा मारून घ्यावा, मधलं अंतर डब्यावर लिहिल्याप्रमाणे ठेवावं, आणि पुढच्या थराआधी निदान दोन दिवस जाऊ द्यावेत.

कंपन्यांची तुलना करताना कव्हरेजच्या आकड्यात एक फसगत आहे. एक कंपनी २६० चौरस फूट लिहिते, दुसरी १३०. पहिला आकडा एका हाताचा आणि दुसरा दोन हातांचा असेल, तर दोन्ही रंग सारखेच पुरतात. शिवाय हे आकडे गुळगुळीत, रंग न पिणाऱ्या पृष्ठभागावरचे असतात. पुट्टी केलेल्या घरच्या भिंतीवर त्यांत पंधरा-वीस टक्क्यांची घट धरावी. सिमेंट थराच्या बाबतीत मात्र उलटा नियम: डब्यावर जितके चौरस फूट लिहिले आहेत त्याहून जास्त पुरलं, तर आनंद मानू नये.

पुढे पुट्टी. इथे पांढऱ्या सिमेंटची घ्यावी; तयार डब्यातली ॲक्रिलिक पुट्टी कोरड्या भिंतीची आहे. एकदम जाड थर न देता पातळ हात द्यावेत आणि पॉलिश पेपर मारून धूळ पुसावी. मग साध्या पाण्याच्या प्रायमरचा एक हात, त्याला संपूर्ण भिंतीसाठी साधारण लिटरभर. मग इमल्शनचे दोन हात. आपल्या ९४ चौरस फुटांना पाऊण लिटर पुरेल, म्हणजे लिटरचा डबा. महागडा आणि मधल्या दर्जाचा रंग यांत या भिंतीपुरता फरक एका लिटरचाच पडतो. वाचवायचं असेल तर तिथे वाचवावं. सिमेंट थराचे तीन किलो दोन करू नयेत.

सर्व मोठ्या कंपन्यांत वरच्या रंगाच्या तीन-चार पायऱ्या असतात. एशियनमध्ये ट्रॅक्टर, ॲपकोलाइट, रॉयल. बर्जरमध्ये बायसन, इझी क्लीन, सिल्क. नेरोलॅक, ड्युलक्स आणि २०२४ पासून बाजारात आलेली बिर्ला ओपस यांच्याकडेही तशीच उतरंड आहे. माझ्या मते एकाच पायरीवरच्या दोन कंपन्यांत जितका फरक असतो, त्याहून जास्त एकाच कंपनीच्या दोन पायऱ्यांत असतो. खालच्या पायरीत खडूची भुकटी जास्त आणि तिला बांधून ठेवणारं ॲक्रिलिक कमी, त्यामुळे हात फिरवला की भुकटी लागते आणि ओल्या फडक्याने रंग उतरतो. मधली पायरी ओल्या घरासाठी बहुतेकदा पुरेशी ठरते. फक्त डब्यावर बुरशीरोधक असल्याचं लिहिलेलं पाहून घ्यावं.

फिनिशबद्दल सगळीकडे एकच सल्ला चालत नाही. मॅट फिनिश भिंतीची उंचसखलता झाकतो आणि पुन्हा एखादा कोपरा खरवडून रंगवावा लागला तर ठिगळ कमी दिसतं. म्हणून बाहेरून ओल येण्याचा इतिहास असलेल्या भिंतीवर मॅट बरा. सॅटिन आणि ग्लॉसचा थर घट्ट असतो. मागची वाफ सहज सुटत नाही, म्हणून फुगा लवकर येतो आणि तिरप्या उजेडात दिसतोही फार. उलट स्वयंपाकघर, बाथरूमबाहेरचा पॅसेज, कपाटामागची भिंत, जिथे पाणी हवेतून बसतं, तिथे पुसता येणारा सॉफ्ट शीन सोयीचा. जुन्या चाळींत अशा जागी ऑइल पेंट मारण्याची पद्धत होती. पण ओल्या सिमेंटमधला क्षारयुक्त ओलावा ऑइल पेंटमधल्या तेलाचा साबण करतो. भिंत चिकट होते आणि रंग सालीसारखा निघतो. आता तो भिंतीवर वापरण्याचं कारण उरलेलं नाही.

बुरशी असेल तर कोरडी खरवडायची नाही, तिचे कण घरभर उडतात. तोंडाला मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून, एक भाग ब्लीच आणि तीन-चार भाग पाणी असं मिश्रण लावावं, पंधरा-वीस मिनिटांनी पुसून घ्यावं आणि भिंत पूर्ण वाळल्यावरच प्रायमर मारावा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा संडास धुण्याचं द्रव कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढलं तर तिथली हवा खेळती राहते आणि एरवी रंगाच्या माथी येणारं निम्मं काम त्यानेच होतं.

वॉरंटीचा कागद दुकानातच वाचावा. रंगाची वर्षं मोठ्या अक्षरांत असतात, पण गळती, मुरलेली ओल आणि सदोष गिलावा यांमुळे झालेलं नुकसान बहुधा त्यातून वगळलेलं असतं. ओलीसाठीच्या थराची वॉरंटी वेगळी असते. ती मिळवण्यासाठी कंपनीच्या माणसाने आधी भिंत तपासलेली आणि ठरलेले सगळे थर लागलेले असावे लागतात. बिलावर प्रत्येक थराचं नाव, किलो आणि लिटर लिहून घ्यावेत.

हे सगळं सिमेंटच्या गिलाव्याच्या, विटेच्या किंवा काँक्रीटच्या घरांसाठी. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या जांभ्याच्या, चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्याच्या घरांना यातलं काहीच लावू नये. जांभा पाणी शोषतो आणि उन्हाळ्यात सोडतो. चुन्याचा थर त्याला ते करू देतो. त्यावर सिमेंट आणि प्लास्टिक पेंट चढवला की पाणी आत अडकतं, वर चढतं आणि छपराच्या वाशांपर्यंत पोचू शकतं. अशा घरात गेल्या काही वर्षांत प्लास्टिक पेंट लागला असेल तर तो खरवडून काढावा, एक उन्हाळा भिंत उघडी ठेवावी आणि मग भिजवून गाळलेल्या चुन्याचे पातळ तीन हात द्यावेत. प्रत्येक हात देण्याआधी भिंत पाण्याने किंचित शिंपून घ्यावी, नाहीतर चुना धरत नाही आणि कपड्यांना लागतो. दर एक-दोन वर्षांनी, पाऊस पूर्ण सरून भिंत वाळल्यावर, एक हात पुन्हा द्यावा लागतो.